टेपमामांचा तक्ता आणि एक ‘बघते’

आमच्या महाविद्यालयाच्या तळमजल्यावर, जिना जिथे वळतो त्याच्या खाली, एक अरुंद खोली आहे. दारावर ‘ध्वनिकक्ष’ अशी पाटी आहे. परंतु त्या नावाने चौकशी केल्यास शिपाईसुद्धा क्षणभर विचारात पडतो. ‘टेपमामांची खोली’ म्हटले की कोणीही बोट दाखवतो. खोलीत एक लांब टेबल, त्यावर संगणक, दोन जुने ध्वनिमुद्रक, खुंटीवर ओळीने टांगलेल्या तारा आणि प्रत्येक तारेला तिच्या टोकांचे वर्णन करणारी कागदी चिठ्ठी. नीटनेटकेपणाचा मला स्वतःला जुना नाद आहे, म्हणून सांगतो, की त्या खोलीत गेल्यावर मला नेहमी बरे वाटत आले आहे.

टेपमामा त्या खोलीचे धनी. सभागृहातील ध्वनिक्षेपक लावणे, समारंभांचे मुद्रण करणे, ते जपून ठेवणे हे त्यांचे काम. ‘मामा’ ही पदवी त्यांना विद्यार्थ्यांनी दिली आणि ती एवढी रुजली की वेतनपत्रकावरचे नाव वाचून लेखा विभागात नवीन आलेला माणूस हे कोण, असे विचारतो. अंगाने किरकोळ, बोलण्यात सावकाश, आणि कान मात्र असे की सभागृहाच्या मागच्या रांगेतल्या कोणत्या खुर्चीचा खिळा सैल आहे ते मुद्रणावरून सांगतील.

त्यांच्या हातून घडलेली एक गोष्ट मला लिहून ठेवावीशी वाटते. ती विद्यार्थी निवडणुकीच्या तक्त्याची आहे. मी निवृत्त झालो असलो तरी निवडणूक अधिकारी म्हणून महाविद्यालय मला अजून बोलावते, त्यामुळे सारा प्रकार माझ्या डोळ्यांसमोर घडला.

प्रथम तक्ता म्हणजे काय ते सांगतो. मतदानापूर्वी उमेदवारांची जाहीर वादसभा होते. ती दुपारी होते आणि सायंकालीन वर्गांची मुले तेव्हा कामावर असतात. कोणी दुकानात, कोणी कारखान्यात, कोणी दवाखान्याच्या खिडकीत. मत त्यांनाही आहे, पण सभा ऐकायला मिळत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी औषधांच्या दुकानात काम करणारी एक विद्यार्थिनी मामांकडे मुद्रण मागायला आली. मामांनी दिले. दुसऱ्या दिवशी ती परत आली आणि म्हणाली, “मामा, एवढं कोण ऐकणार? निम्मं तर टाळ्याच आहेत. कोण काय करतो म्हणाला, तेवढंच सांगा की.” मामांनी एका कागदावर उभ्या रेघा मारल्या, प्रत्येक उमेदवाराला एक रकाना दिला आणि प्रत्येकाने दिलेली आश्वासने शेजारी शेजारी लिहिली. तेव्हापासून तो तक्ता दरवर्षी सूचनाफलकावर लागतो.

वर्षे गेली तसे त्याचे नियम पक्के झाले. विषयांच्या ओळी सभेत विचारलेल्या प्रश्नांच्या क्रमानेच घ्यायच्या. रकान्यांचा क्रम चिठ्ठी टाकून ठरवायचा. प्रतिस्पर्ध्यावरची टीका, स्वतःची थोरवी, कविता आणि घोषणा गाळायच्या. ‘मी हे करीन’ एवढेच घ्यायचे. कोणी अट घातली असेल तर ती अटीसकट लिहायची. एखाद्या विषयावर उमेदवार काही बोलला नसेल, तर घर रिकामे ठेवायचे नाही, कारण रिकामे घर टोमण्यासारखे दिसते. तिथे ‘या विषयावर आश्वासन नाही’ हे एकच वाक्य सर्वांना सारखे. प्रत्येक आश्वासनापुढे मुद्रणातले मिनिट कंसात, म्हणजे ज्याला शंका असेल त्याने येऊन ऐकावे.

शेवटची कसोटी मामांची स्वतःची होती. तक्ता झाला की ते वरची नावे पट्टीने झाकत आणि कोणाला तरी वाचायला देत. “लिहिणारा कोणाच्या बाजूचा वाटतो?” एवढेच विचारत. वाचणाऱ्याला सांगता आले तर तक्ता पुन्हा. यात एक अडचण येई. मराठीत ‘करतो’ म्हटले की मुलगा, ‘करते’ म्हटले की मुलगी. नाव झाकून उपयोग नाही. म्हणून मामा सर्वांची क्रियापदे ‘करीन’, ‘ठेवीन’, ‘पाहीन’ अशी करून घेत. ही युक्ती मला फार आवडत असे. ती आम्हाला अडचणीत आणील असे मात्र माझ्याही ध्यानात आले नव्हते.

यंदा उमेदवार तीन होते. पहिला भाषणराव. हे नाव त्याच्या मित्रांनीच ठेवलेले, कारण रजेचा अर्जसुद्धा तो ‘मान्यवरहो’ म्हणून सुरू करील असे ते म्हणत. दुसरा गोली, हॉकी संघाचा गोलरक्षक. उंच, रुंद आणि बोलण्यात कमालीचा काटकसरी. आणि तिसरी टेपमामांची भाची. ही खरीखुरी, सख्ख्या बहिणीची मुलगी. शिक्षणासाठी मामांच्याच घरी राहणारी.

तिने अर्ज भरला त्या दिवशी मामा माझ्याकडे आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, “सर, यंदाचा तक्ता दुसऱ्या कोणाला तरी द्या.”

म्हणणे योग्यच होते. मी तिन्ही उमेदवारांना बोलावून विचारले. भाषणराव हसून म्हणाला, “सर, ते सगळ्या कॉलेजचेच मामा आहेत. ती सख्खी, आम्ही चुलत, एवढाच फरक.”

“दुसरा कोण एवढं ऐकत बसणार?” गोली म्हणाला. त्या बैठकीतले त्याचे ते एकमेव वाक्य.

भाची काही बोलली नाही. कार्यालयाच्या अधीक्षिका बाई मात्र बोलल्या आणि त्यांचे बोलणे लेखी आले. तक्ता मामांनी केला तरी हरकत नाही. परंतु तिन्ही उमेदवारांनी ‘आम्ही हेच बोललो’ अशी सही केल्याशिवाय तो फलकावर लागणार नाही. एकाने जरी सही नाकारली, तरी यंदा तक्ता नाही. म्हणजे सायंकालीन वर्गांनी नुसती चेहऱ्यांची पत्रके पाहून मत द्यायचे.

वादसभा ठरल्याप्रमाणे झाली. भाषणराव गरजला, गोली गुरगुरला, भाची शांतपणे बोलली. दुसऱ्या दिवशी मामा कानावर हेडफोन चढवून बसले. महाविद्यालयाने अलीकडे एक संगणकीय प्रणाली घेतली आहे. ती मुद्रण ऐकून लेखी मजकूर काढते आणि त्याचा सारांशही करून देते. मामांनी तो सारांश मला दाखवला. भाषणरावाची आश्वासने पानभर, भाचीची अर्धे पान आणि गोलीच्या नावावर दोन ओळी.

“गोली खरंच एवढं कमी बोलला?” मी विचारले.

“बोलला कमी, पण वचनं दिली सहा. यंत्राला एवढी सापडली नाहीत.” मामा चष्मा पुसत म्हणाले. “एका शब्दात दिलेलं वचन ते वाहून जाऊ देतं. आणि भाषणरावांनी एकच वचन चार वेळा दिलंय, ते यंत्रानं चार वेळा मोजलंय. त्याला तरी काय बोलायचं? आपण माणसंही तेच करतो.”

दोघे एकदम बोलले तिथे यंत्राने एकाचे वाक्य दुसऱ्याच्या तोंडी घातले होते, तेही मामांनी आवाजावरून वेगळे केले. यंत्राचा मजकूर त्यांनी टाकून दिला नाही; कोणता प्रश्न कुठे आहे हे शोधायला त्याचा फार उपयोग झाला. पण तक्त्यातला प्रत्येक शब्द त्यांनी कानाने ऐकून लिहिला. संध्याकाळी नावे झाकून तक्ता माझ्यापुढे ठेवला. मी वाचला. लिहिणारा कोणाच्या बाजूचा आहे हे मला सांगता येईना. तसे मी बोललो तेव्हा मामांचा चेहरा उजळला.

सह्यांसाठी तिघेही दुसऱ्या दिवशी ध्वनिकक्षात आले. टेबलाभोवती जागा नव्हती, म्हणून गोली दारातच उभा राहिला आणि दार भरून गेले. भाषणरावाने आपला रकाना वाचला, एकदा कपाळाला आठी घातली आणि सही केली. भाचीने आपला रकाना वाचला. उपाहारगृहाच्या ओळीवर तिची नजर क्षणभर थांबली. मग तिनेही पेन हातात घेतले.

“थांबा,” गोली म्हणाला. दारातूनच हात लांबवून त्याने टेबलावरचा तक्ता उचलला होता. “हे माझं नाही.”

“काय तुझं नाही?” मामांनी विचारले.

“उपाहारगृह. ‘सायंकालीन वर्गांसाठी उपाहारगृह सुरू राहील हे पाहीन.’ असं मी म्हणालोच नाही.”

“मग काय म्हणालास?”

“बघतो म्हणालो.”

“अरे, मग तेच तर लिहिलंय. बघतो म्हणजे पाहीन.”

“मामा, बघतो म्हणजे बघतो.” गोली जरा संकोचला. “हे असं छापलं आणि चुकून मी निवडून आलो, तर मला करावं लागेल ना.”

भाषणराव खो खो हसला. “अरे वेड्या, फुकटात वचन मिळतंय तर घे की. मामांनी तुझ्या पदरात टाकलंय.”

“जे दिलं नाही ते मी घेत नाही,” गोली म्हणाला आणि तक्ता टेबलावर ठेवला. सही केली नाही.

मामांचा चेहरा उतरला. त्यांना दोष दिला असता तर त्यांनी सहन केला असता. पण ‘पदरात टाकलंय’ हा शब्द त्यांना लागला. मी म्हणालो, “मुद्रण ऐकूया. त्याच्यासाठीच तर मिनिट लिहिलेलं आहे.”

मामांनी ध्वनिवर्धकावर ते ठिकाण लावले. सूत्रसंचालकाचा प्रश्न आला: सायंकालीन वर्ग सुरू होतात तेव्हा उपाहारगृह बंद झालेले असते, त्याचे काय करणार? मग गोलीचा आवाज: “हां… बघतो.” सूत्रसंचालकाने विचारले, “बघतो म्हणजे?” गोलीचे उत्तर: “म्हणजे बघतो.” आणि सभागृहभर हशा. शब्दांत खांदे उडवल्याचा आवाज येऊ शकत असेल, तर तो तिथे होता.

“हे वचन नव्हे,” मी म्हणालो.

“नाही,” मामा हळूच म्हणाले. “मी त्याला सांभाळून घेतलं वाटतं.”

मुद्रण थांबवायला त्यांनी हात पुढे केला, पण तोवर पुढचे उत्तर सुरू झाले होते. तोच प्रश्न भाचीला. तिचा आवाज स्वच्छ आला: “ते काम माझ्याकडे द्या. मी बघते.”

मी तक्ता ओढून घेतला आणि तिच्या रकान्यात पाहिले. तिथे लिहिले होते: ‘या विषयावर विचार करीन.’

मी मामांकडे पाहिले. ते तक्त्याकडे पाहत होते.

“मामा,” मी शक्य तितक्या सौम्यपणे विचारले, “गोलीच्या ‘बघतो’चं तुम्ही ‘पाहीन’ केलं. हिच्या ‘बघते’चं ‘विचार करीन’ का केलं?”

मामांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग प्रामाणिकपणे म्हणाले, “सर, घरी ती बघते म्हणाली म्हणजे तसाच अर्थ असतो.”

“मामा,” भाची म्हणाली.

“खोटं सांगतो का? गॅलरीतला दिवा गेला. बघते म्हणालीस. मामीने शेवटी शेजाऱ्याला बोलावलं. पडद्याची कडी निसटली. बघते. अजून लोंबतेय. पाण्याचा नळ…”

“नळ मी बघितला होता.”

“बघितलास. उभी राहून बघितलास आणि म्हणालीस, गळतोय.”

दारातून गोलीचे हसणे ऐकू आले. भाषणरावाने तोंडावर हात धरला. भाचीलाही हसू आवरेना, तरी ती म्हणाली, “ते घरचं बघणं वेगळं, मामा. सभेत मी काम माझ्याकडे द्या म्हणाले. ते तुम्ही लिहिलंच नाही.”

“ऐकूच आलं नाही मला,” मामा म्हणाले. “म्हणजे कानाला आलं. पण ‘बघते’ ऐकलं आणि माझ्या डोक्यात तो दिवा आला. त्याच्या आधीचं सगळं पुसलं गेलं.”

“आणि तू सही करणार होतीस?” मी तिला विचारले.

“करणारच होते, सर. मी हरकत घेतली असती तर सगळे म्हणाले असते, भाचीने मामाकडून बदलून घेतलं.” तिने भाषणरावाकडे पाहिले. “तू तर नक्कीच म्हणाला असतास.”

“म्हणालो असतो,” भाषणराव मोकळेपणाने म्हणाला. “माईकवर म्हणालो असतो.”

मला त्या क्षणी जे दिसले ते मांडून सांगतो. मामांनी पक्षपात केला होता, परंतु उलट्या दिशेने. आपल्या भाचीला झुकते माप जाऊ नये म्हणून ते तिच्या वाक्यांवर अधिक कडक झाले होते आणि परक्याच्या वाक्यांवर अधिक उदार. नावे झाकून वाचताना मला ते दिसले नाही, कारण झाकलेला कागद फक्त कागदावरचाच कल दाखवतो. कानात झालेला कल त्यात उमटत नाही. शिवाय ज्या ‘करीन, पाहीन’च्या युक्तीवर आम्ही खूष होतो, तिनेच मामांना शब्द बदलण्याची मुभा दिली होती.

मी म्हणालो, “हिचा रकाना दुरुस्त करा, म्हणजे झालं.”

“नाही सर,” मामा म्हणाले. त्यांचा आवाज पुन्हा स्थिर झाला होता. “तिचा एकटीचा केला तर तेही चूक. माझ्या कानानं एकीकडे असं केलं, तर इतर ठिकाणी काय केलं असेल? सगळ्या ओळी पुन्हा ऐकायच्या. आणि जिथे शब्द दोन्हीकडे कलतो, तिथे मी अर्थ लावणार नाही. जसा बोलला तसा, अवतरण चिन्हांत, त्याच्या आधीच्या वाक्यासकट.”

“म्हणजे करतो आणि करते उघडे पडणार,” मी म्हणालो. “नावे झाकून काही उपयोग नाही.”

“पडू देत. मुलगी आहे हे कळलं तर काय बिघडतं? शब्द तरी तिचा राहील.”

“मला आत्ताच विचारा ना,” भाची म्हणाली. “मी नक्की काय करणार ते सांगते.”

“अजिबात नाही. तुला विचारलं तर या दोघांनाही विचारावं लागेल. मग ती सभा राहणार नाही, दुसरी सभा होईल. जे सभेत बोललीस तेवढंच.”

तिने मान हलवली. तिला हे पटले असावे. निदान घरी वाद घालायला राखून ठेवले असावे.

मग तिघांच्या देखतच मामा पुन्हा ऐकू लागले. मी समोर बसून प्रत्येक ओळ मुद्रणाशी ताडून पाहिली. भाषणराव कंटाळून जाईल असे मला वाटले होते, पण तो स्वतःचा आवाज ऐकायला आनंदाने थांबला. उपाहारगृहाबाबत त्याचे वाक्य होते, “संध्याकाळी उपाहारगृह सुरू ठेवायला लावणारच!” आणि त्यावर टाळ्यांचा कडकडाट. तक्त्यात तेवढेच होते. मामांनी भुवया आखडल्या, तो भाग मागे नेला, आवाज वाढवला आणि पुन्हा लावला. टाळ्यांच्या तळाशी भाषणरावाचाच आवाज होता, घाईत बोललेला: “…प्राचार्यांची परवानगी मिळाली तर.”

“अरेच्चा,” भाषणराव म्हणाला. “हे कोणी ऐकलं नव्हतं.”

“मीही नाही,” मामा म्हणाले आणि पेन्सिलीने अट लिहिली. “टाळ्या तुझ्या, अटही तुझी.”

“टाळ्या लिहिणार नाही का?”

“टाळ्या कोणाच्याच लिहीत नाही.”

भाषणरावाने हात जोडून दाखवले. गोलीच्या रकान्यातही एक दुरुस्ती झाली: मैदानावरच्या नळाबद्दल तो एकच शब्द बोलला होता, “करून टाकतो,” आणि मामांनी त्याला नुसते ‘करीन’ म्हटले होते. आता ‘करून टाकतो’ जसेच्या तसे आले. तो शब्द वाचून गोलीने पहिल्यांदा तृप्तपणे मान हलवली.

शेवटी उपाहारगृहाची ओळ अशी झाली. भाषणरावाच्या घरात, “सुरू ठेवायला लावणारच, प्राचार्यांची परवानगी मिळाली तर.” गोलीच्या घरात, “हां… बघतो,” आणि पुढे, “(‘म्हणजे?’ असे विचारल्यावर) म्हणजे बघतो.” भाचीच्या घरात, “ते काम माझ्याकडे द्या. मी बघते.” तिन्ही घरांत मिनिट. जुना कागद मामांनी सर्वांसमोर फाडला, म्हणजे जुन्या कागदावरच्या भाषणरावाच्या सहीचा प्रश्नच उरला नाही. नव्या कागदावर भाषणराव, गोली आणि भाची, अशा चिठ्ठीच्या क्रमाने सह्या झाल्या. अधीक्षिका बाईंनी तक्ता दोनदा वाचला, गोलीच्या घराशी किंचित हसल्या आणि शिक्का मारला.

जाताना भाची दारात थांबली. “मामा, त्या कडीचं…”

“बघू नकोस,” मामा म्हणाले. “कर.”

निवडणूक पुढे भाषणरावाने जिंकली, भाची थोडक्यात मागे राहिली आणि गोलीला अपेक्षेपेक्षा पुष्कळ अधिक मते पडली. त्याचे कारण तक्ता होता की त्याचा खेळ, हे मी सांगू शकत नाही आणि सांगूही नये. निकालाने या हकिकतीत काही फरक पडत नाही, म्हणून तो एका वाक्यात उरकला आहे.

माझ्या मनात राहिली ती तक्ता लागला ती संध्याकाळ. सायंकालीन वर्गांची मुले कामावरून येत होती. खांद्यावर डबे, हातावर शाईचे किंवा तेलाचे डाग. फलकासमोर घोळका जमला. मी जरा बाजूला उभा होतो. उपाहारगृहाच्या ओळीशी सगळे अडत होते आणि ते शब्द एकमेकांना वाचून दाखवत होते. कोणी गोलीचा ‘बघतो’ खांदे उडवून म्हणे, कोणी भाचीचा ‘बघते’ ठासून म्हणे, तर कोणी तोच ‘बघते’ लांबवून, आळसावून म्हणे. वाद चांगलाच रंगला. कागदाने निवाडा दिला नव्हता, म्हणून तो त्यांना स्वतःच करावा लागत होता.

इतक्यात एक तरुण घोळक्यातून बाहेर आला. छापखान्यात काम करणारा असावा, बोटे काळी होती. समोर मामा दिसताच त्याने सरळ विचारले, “मामा, ती तुमची भाची ना? मग खरं सांगा, बघते म्हणजे करणार की नाही?”

मामांनी माझ्याकडे पाहिले नाही. ते जिन्याखालच्या खोलीकडे वळले, दार उघडले, दिवा लावला आणि टेबलापुढची खुर्ची ओढून दिली.

“मला विचारू नकोस. घरचा माणूस आहे मी,” ते म्हणाले. त्यांनी तक्त्यातल्या मिनिटावर मुद्रण आणून ठेवले आणि हेडफोन त्याच्या हातात दिले. “ऐक आणि तूच ठरव. तिचं झालं की त्या दोघांचंही ऐक.”

तरुणाने ते कानावर चढवले. मामा त्याच्याकडे पाठ करून तारा गुंडाळू लागले. थोड्या वेळाने तो उठला, आभार मानले आणि आपल्या वर्गाकडे निघून गेला. त्याने काय ठरवले ते त्याने सांगितले नाही आणि मामांनीही विचारले नाही. दारात तोवर आणखी दोघे येऊन उभे होते. मामांनी खुर्ची पुन्हा ओढून ठेवली.